बाईंचं पत्र आणि पहाटे चारचा गजर

साखळीकर बाबा
मुलगा बारावीला. काल शाळेतून वर्गशिक्षिका बाईंचं पत्र आलं. त्यात लिहिलंय: "परीक्षेच्या दिवसांत मुलांवर आधीच ताण असतो. कृपया त्यांना पहाटे चारला उठवू नका. रात्री दहाला झोपवा आणि आठ तास झोप मिळू द्या." मला हे पटलं नाही. मी आणि माझा भाऊ कंदिलावर पहाटे चारला उठून शिकलो आणि दोघंही मार्गाला लागलो. परीक्षा तोंडावर आली असताना शाळाच झोपा म्हणून सांगत असेल तर आम्ही पालकांनी करायचं काय? इतरांना काय वाटतं?

फोंड्याची जीवशास्त्र
साखळीकर, मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही कंदिलावर शिकत होता तेव्हा रात्री झोपत किती वाजता होता? माझ्या माहेरी साडेआठला जेवणं उरकून दिवे मालवत. साडेआठला झोपून चारला उठलं तर साडेसात तास होतात. आमच्या पिढीला पहाटेने नाही, त्या लवकरच्या निजेने तारलं. आज पोरगा शिकवणीहून घरी येतो तेव्हाच साडेआठ वाजलेले असतात. आपण जुनी पहाट तेवढी ठेवली आणि जुनी रात्र टाकून दिली.

आता बाईंच्या पत्राबद्दल. त्यातलं अर्धं मलाही खटकलं. "दहाला झोपवा" असं लिहून सतरा वर्षांचा मुलगा झोपत नाही. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन मोठ्यांच्या आणि लहान मुलांच्या मानाने उशिरा सुटू लागतं, साधारण तासा-दोन तासांचा फरक पडतो. त्याला दहाला अंथरुणावर ढकललं तर तो छताकडे बघत उद्याच्या पेपराची काळजी करतो. तो आळशी नाही आणि हट्टीही नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचं सांगते. गणितात हुशार, पण प्रिलिमला अकरा गुण हकनाक गेले. मी त्याच्या शेजारी बसून उत्तरपत्रिका पानापानाने बघितली. पहिल्या तासातली उदाहरणं स्वच्छ होती. पुढे मात्र प्रश्नातला वर्ग उतरवताना गळलेला, वजाचं चिन्ह पुढच्या ओळीत अधिक झालेलं, एका ठिकाणी अर्धं उत्तर लिहून तो पुढच्या प्रश्नाला गेलेला. न येणाऱ्या मुलाच्या चुका अशा नसतात. रीत येत होती, लक्ष टिकत नव्हतं.

त्याच्या आईला मी चार दिवस फक्त वेळा लिहून ठेवायला सांगितलं. पाठ टेकायचा दहाला, डोळा लागायचा साडेअकराला, आई उठवायची चारला. हातात आले साडेचार तास. या वयाला आठ ते दहा तास लागतात. आठ धरले तरी रोज साडेतीन तासांची तूट, म्हणजे चार दिवसांत चौदा तास. रविवारी तो दुपारी एकपर्यंत झोपायचा आणि आई त्यालाच आळस समजायची. सुट्टीच्या दिवशी मूल दोन-तीन तास जास्त झोपू लागलं की आठवडाभराची तूट साचलीय असं समजावं.

आम्ही पहाटेचा गजर काढला आणि उठायची वेळ सव्वासहा ठरवली, रविवारीसुद्धा तीच. उठल्या उठल्या चहा घेऊन त्याने बाहेर अंगणात वीस मिनिटं उजेडात बसायचं. घड्याळ मागे ओढायला सकाळचा उजेड लागतो. मोबाइल रात्री साडेनऊला हॉलमध्ये. पहिले पाच-सहा दिवस काही फरक पडला नाही आणि आईचा फोन मला रोज यायचा. दहाव्या दिवसाच्या आसपास पावणेअकराला डोळा लागू लागला. आठ तास काही झाले नाहीत, साडेसात झाले. बोर्डाला त्याला गणितात काही अफाट गुण मिळाले नाहीत, पण उतरवण्याच्या चुका गेल्या.

मडगाव ८८
चारला उठणं वाईट हे काही खरं नाही. झोप नव्वद मिनिटांच्या चक्रांत येते. साडेचार तास म्हणजे बरोबर तीन चक्रं. चक्र पूर्ण झाल्यावर उठवलं तर मूल ताजंतवानं उठतं. मी स्वतः कित्येक वर्षं असंच करतो.

फोंड्याची जीवशास्त्र
चक्रं असतात, हे तुमचं बरोबर. पण ती सगळी सारखी नसतात आणि घड्याळ लावून नव्वद मिनिटांचीही नसतात. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, पहाटेकडच्या चक्रांत स्वप्नांची झोप जास्त. चारला उठवलं की तोट्यात जाते ती बहुतेक ही दुसरी. चक्राच्या शेवटी उठल्याने डोकं कमी जड वाटेल, पण तूट भरत नाही. कमी झोपेची सवय झालेल्या माणसाला आपण मंदावलोय हे जाणवतही नाही, हा त्यातला खरा धोका.

पेडण्याची आई
बाई, तुमचं सगळं मान्य, पण माझी मुलगी झोपणार कुठे? आमच्या घरापासून शेत ओलांडलं की पार्टीची जागा. डिसेंबरपासून रात्री दोन-तीनपर्यंत ढम ढम. आवाज नुसता कानाला लागत नाही, खिडकीची तावदानं थरथरतात. कापूस घातला, खिडक्या लावल्या, काही उपयोग नाही. ११२ ला फोन केला की गाडी येते, आवाज उतरतो, गाडी वळली की परत चढतो. शाळेने एक पत्र त्या लोकांना पण लिहावं.

बार्देस रहिवासी
ताई, नियम २००० सालापासून आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. हे लोक "आमचा हॉल बंदिस्त आहे" म्हणून सुटायला बघतात, कारण बंदिस्त जागेला त्या नियमात सूट आहे. पण आवाज तुमच्या अंगणात ४५ च्या वर येत असेल तर हॉल बंदिस्त असून उपयोग नाही. तक्रार लेखी द्या, तारीख-वेळ टाका, पोच घ्या. नुसत्या फोनची नोंद मागाहून सापडत नाही.

डिचोलीकर
हॉटेलवाल्यांवर तुटून पडायला सगळे पुढे! आमच्या वाड्यावर जत्रेला, काल्याला रात्रभर कर्णे लागतात तेव्हा बारावीची मुलं नसतात का? तेव्हा हा नियम कुठे जातो?

पेडण्याची आई
जत्रा वर्षातून एक रात्र. माझ्याकडे चार महिने रोज. तुलना करताना थोडा तरी विचार करा.

डिचोलीकर
एक जत्रा, एक काला, सप्ताह, लग्नाचा डीजे, मग शिगमो. मोजा एकदा. आपल्या माणसाला बोलायचं म्हटलं की सगळ्यांची वाचा बसते. माझ्या मुलीने गेल्या वर्षी पेपराच्या आदल्या रात्री मावशीकडे जाऊन झोप काढली. मी समितीकडे गेलो तर मलाच देवाविरुद्ध ठरवलं.

बार्देस रहिवासी
सणासुदीला सरकार बारा वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि बारानंतर कोणालाच नाही. त्यामुळे रात्रभरच्या कर्ण्यांबद्दल डिचोलीकरांचा मुद्दा खोटा नाही. बोलायची पद्धत मात्र सुधारा.

फोंड्याची जीवशास्त्र
पेडण्याच्या ताई, एक व्यवहारी गोष्ट. पंख्याचा एकसुरी आवाज बोलणी, गाड्या यांना झाकतो, पण तुम्ही म्हणता तो खालच्या पट्टीतला ठोका भिंतीतून येतो. त्याला पंखाही पुरत नाही आणि कापूसही नाही. घरात त्या बाजूपासून सगळ्यात लांबची, आतली खोली तिला परीक्षेपुरती द्या. याहून जास्त घरातून करता येण्यासारखं मला दिसत नाही. पुढचं काम तक्रारीचंच.

वास्कोचा पालक
तुमच्या शाळेने पत्र मराठीत तरी पाठवलं. आमच्याकडे असली पत्रं इंग्रजीत येतात. मुलाला सांभाळते आजी, तिला एक ओळ वाचता येत नाही. आणि क्रीडा गुणांचं काय झालं? माझा मुलगा राज्यस्तरावर खेळला, त्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही.

साखळीकर बाबा
अहो, क्रीडा गुणांचा धागा वेगळा काढा. इथे झोपेचं चाललंय.

काणकोणची मावशी
मला वेगळं सांगायचंय. माझी भाची दहा तास अंथरुणात असायची. आम्ही म्हणायचो, झोप चांगली होतेय. प्रत्यक्षात ती झोपत नव्हती. जेवण कमी झालं, मैत्रिणींचे फोन घेईना, आवडीचं पेटी वाजवणं सुटलं. तीन आठवडे आम्ही परीक्षेचा ताण म्हणून सोडून दिलं. मग एकदा भांडी पुसताना म्हणाली, "मी नसले तर तुमचा सगळा खर्च वाचेल." माझे हातपाय गार पडले. तेव्हा सगळे तास मोजत बसू नका एवढंच म्हणते.

फोंड्याची जीवशास्त्र
मावशी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. बाईंच्या पत्रात नेमकं हेच राहिलं. ताणात असलेलं मूल चिडतं, रडतं, पण पेपर बरा गेला की जेवतं, हसतं. आवडीची गोष्टही नकोशी होऊन दोन आठवडे गेले तर ते वेगळं आहे. आणि "मी नसले तर" हे वाक्य आलं की दोन आठवडे थांबायचं नाही. मुलीला सरळ विचारायचं, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट तिला बोलायला वाट मिळते. मग तिला एकटं सोडायचं नाही. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. तुमची भाची आता कशी आहे?

काणकोणची मावशी
बरी आहे. एक वर्ष मागे पडलं, पडू दे. पेटी परत काढलीय.

मडगाव ८८
हे सगळं ठीक, पण प्रत्येक मुलाला आजारी समजू लागलो तर अभ्यास कोण करणार? पहाटेची शांतता मिळते ती दिवसा मिळत नाही, एवढं तरी कबूल करा.

फोंड्याची जीवशास्त्र
कबूल. पहाटे घर शांत असतं. मूल रात्री नऊला खरोखर झोपत असेल तर पाचला जरूर उठवा, माझ्या वर्गात अशा दोन मुली आहेत. आणि पेपर साडेनऊला असल्यामुळे सकाळी डोकं चालू असायला हवंच, रात्री दोनपर्यंत जागून नऊला उठणाऱ्यांचीही मी तितकीच खरडपट्टी काढते.

साखळीकर बाबा
बाई, मी गजर चारवरून सव्वापाचवर आणलाय. सहावर आणायला मन धजत नाही, खरं तेच सांगतो. आणि आम्ही लहानपणी साडेआठला झोपायचो हे आईला विचारलं, ती म्हणाली आठलाच. मी ते विसरलो होतो.

फोंड्याची जीवशास्त्र
सव्वापाच तर सव्वापाच. पण त्याचा डोळा किती वाजता लागतो ते चार रात्री लिहून ठेवा, मग ठरवा.

साखळीकर बाबा
काल बघितलं. पावणेबाराला दिवा चालू होता. मी दारात उभा राहिलो तर म्हणाला, "बाबा, झोप येत नाहीये, तुम्ही रागावू नका." मी आत जाऊन त्याच्याजवळ बसलो.

पेडण्याची आई
आमच्याकडे आज परत सुरू झालंय. लेखी तक्रार पोलिस स्टेशनला द्यायची की मामलेदाराकडे?