मदत हवी आहे: सलग गोषवारा चार मथळ्यांत कसा बसवू?

नमस्कार मंडळी. गर्भवतींमधल्या रक्तक्षयावरचा माझा लेख नियतकालिकाने परत पाठवलाय. गोषवारा पार्श्वभूमी, पद्धती, निष्कर्ष आणि समारोप अशा मथळ्यांखाली, 250 शब्दांत हवा आहे. माझा एकच सलग परिच्छेद आहे, 310 शब्दांचा.

प्रत्येक वाक्यापुढे पा, प, नि, स अशी खूण केली, तेव्हा पार्श्वभूमीचीच सहा वाक्यं निघाली. त्यातली दोन ठेवली: प्रश्न काय आहे आणि अभ्यासाचा उद्देश काय. बाकीची प्रस्तावनेत आहेतच.

अडलंय ते या वाक्यावर: "तपासणीस आलेल्या 240 पैकी संमती दिलेल्या 212 जणींचं हिमोग्लोबिन मोजलं असता 118 जणींमध्ये ते 11 ग्रॅमपेक्षा कमी आढळलं." यात पद्धत आणि निष्कर्ष एकमेकांत गुंतलेत. मी असं तोडलं: कोणाला घेतलं, कसं मोजलं आणि 11 ग्रॅमची मर्यादा हे पद्धतीत; 118 (55.7 टक्के) निष्कर्षात. पण 212 कुठे? मला वाटतं निष्कर्षात, कारण किती जणी सहभागी होतील हे आधी ठरलेलं नव्हतं. बरोबर आहे का?

दुसरं, समारोपात "गोळ्या न घेतल्यामुळे रक्तक्षय झाला" असं लिहिलं होतं. अभ्यास एकाच वेळच्या पाहणीचा, त्यामुळे कारण सिद्ध होत नाही. "संबंध आढळला" असं केलं, पण मग त्या संबंधाचा आकडाही निष्कर्षात द्यावाच लागेल ना? तो फक्त तक्त्यात आहे, आणि शब्द तर संपत आलेत. काय कापू?