करार 'हस्तांतरित' करायचा की त्याची अदलाबदल करायची?

शारदा
पुढच्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयाचा आणि तालुक्यातल्याच एका बेदाणा कंपनीचा करार होतोय. सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलंय. ऑफिसने निमंत्रणपत्रिकेचा मजकूर पाठवलाय तो असा : "दोन संस्थांमधील भागीदारीचा शुभारंभ : सामंजस्य करार हस्ताक्षर व हस्तांतरण सोहळा, मा. प्राचार्यांच्या हस्ते." वाचताना प्रत्येक शब्दाला ठेच लागते, पण नेमकं काय चुकतंय ते धड सांगता येत नाही. कंपनी आमच्या मुलांना सहा आठवडे प्रशिक्षणाला घेणार आणि आमची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा त्यांच्या मालाचे नमुने तपासून देणार, एवढाच मामला आहे. छपाई उद्या आहे. दोन्ही बाजूंची ओळख करून देताना काय म्हणावं, तेही सांगा.

निवृत्त नाझर
'हस्ताक्षर' आधी काढा. हिंदीत त्याचा अर्थ सही, आपल्याकडे अक्षराचं वळण. 'प्राचार्यांचं हस्ताक्षर सुंदर आहे' म्हटलं तर मराठी माणूस त्यांची वही आठवेल, करार नव्हे. सही म्हणा, स्वाक्षरी म्हणा.

'हस्तांतरण' मात्र नुसतं अशुद्ध नाही, घातक आहे. माझी सगळी नोकरी दस्तांत गेली. हस्तांतरण म्हणजे हक्क एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणं. जमिनीचं होतं, गाळ्याचं होतं. कराराचं हस्तांतरण म्हणजे करारातलं आपलं स्थान तिसऱ्याच कुणाला देऊन आपण बाजूला होणं. बहुतेक करारांत एक कलमच असतं की दुसऱ्या बाजूच्या लेखी संमतीशिवाय हा करार हस्तांतरित करता येणार नाही. म्हणजे कागदावर जे करायला मनाई, त्याचीच तुम्ही पत्रिकेवर जाहिरात करताय.

टाचण
यावरून आठवलं. आमच्या भागात अशाच एका कार्यक्रमाची बातमी छापून आली होती : अमुक महाविद्यालयाचे कंपनीकडे हस्तांतरण. निवेदक बोलला होता 'कराराचे हस्तांतरण', बातमी लिहिणाऱ्याने मधला करार गाळला. दुसऱ्या दिवशी फी वाढणार का विचारायला पालकांची रांग.

विदर्भवासी
मुळात एमओयू हा करार नसतोच. कोर्टात टिकत नाही. त्यामुळे 'करार' हा शब्दच चूक, 'समझोता' म्हणायला हवं. भारतीय करार कायदा १८७२ बघा.

निवृत्त नाझर
अर्धं बरोबर. नुसत्या इराद्याच्या कागदावर कोर्ट काही देत नाही. पण ते कागदाच्या नावावरून ठरत नाही, आतल्या मजकुरावरून ठरतं. वर 'सामंजस्य' लिहिलं आणि आत 'दर महिन्याला अमुक रक्कम देऊ, न दिल्यास नुकसानभरपाई' असं असलं, तर मथळा काही वाचवत नाही. उलट 'करारनामा' लिहूनही आत सगळं 'प्रयत्न करू, विचार करू' असेल तर त्यातून मागायचं काय? शारदाताई, तुमच्याकडे नमुना तपासणीचे पैसे कंपनी देणार का? देणार असेल तर तेवढा भाग पक्का व्यवहार आहे.

आणि मराठीत 'करार' कायद्याच्या कक्षेतच राहिला असंही नाही. १९३२चा पुणे करार, १९५३चा नागपूर करार, यांतला कुठला १८७२च्या कायद्याखाली येतो? दोन बाजूंनी बसून काही ठरवलं की लोक करारच म्हणतात. तुम्ही नागपूरकडचे, तुम्हीच त्या कराराचं पालन झालं नाही म्हणून भांडता ना?

विदर्भवासी
भांडतोच. आणि कोर्टात जाता येत नाही म्हणूनच भांडतो. माझा मुद्दा तिथेच सिद्ध होतो.

लिफ्ट बंद
मुद्रांकाचं काय ठरलं? आमच्या सोसायटीने लिफ्टच्या देखभालीचा करार शंभरच्या कागदावर केला, आता सेक्रेटरी म्हणतात पाचशेचा लागतो. कागद परत करता येतो का?

निवृत्त नाझर
प्रश्न वेगळा आहे, पण शारदाताईंच्याही कामाचा. महाराष्ट्रात अशा साध्या करारांचं किमान शुल्क ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचं पाचशे झालं. तुमची सही त्याआधीची असेल तर घाबरू नका. कागद परत करायचं म्हणाल तर सही झालेला कागद म्हणजे वापरलेला कागद.
शारदाताई, मुद्रांक समारंभाच्या आधी, दोहोंपैकी एका पक्षाच्या नावाने घेतलेला हवा. दोन्ही बाजूंना सहीची मूळ प्रत हवी असेल तर दुसऱ्या प्रतीच्या मुद्रांकाचंही आत्ताच विचारून घ्या.

ध्वनिक्षेपक
मी विद्यापीठातल्या अशा कार्यक्रमांचं निवेदन करते. टेबलावर काय घडतं ते डोळ्यांपुढे आणलं की शब्द आपोआप सापडतो.

दोन फायली असतात, आत एकसारख्या मजकुराच्या दोन प्रती. प्राचार्यांसमोर महाविद्यालयाची, कंपनीच्या संचालकांसमोर कंपनीची. दोघे आपापल्या प्रतीवर सही करतात. मग मागे उभे असलेले दोघे त्या फायली उचलून एकमेकांच्या पुढ्यात ठेवतात आणि दुसऱ्यांदा सह्या होतात. साक्षीदारांच्या सह्याही तेव्हाच. आता कंपनीची प्रत प्राचार्यांकडे असते आणि महाविद्यालयाची संचालकांकडे. मग उभं राहून दोघे फायली एकमेकांना देतात, फोटो निघतो आणि ज्याची प्रत त्याच्याकडे परत येते. म्हणून तिथे शब्द 'आदानप्रदान'. दोन देशांच्या करारांत आणखी एक नाजूक रीत आहे : प्रत्येकाच्या प्रतीत त्याचं स्वतःचं नाव आधी. दोन संस्थांना ती पाळायची सक्ती नाही, पण पाळली तर 'आधी कुणाचं नाव' हा वाद मिटतो.

गडबड कुठे होते सांगते. सह्या आदल्या दिवशीच उरकलेल्या असतात, मंचावर फक्त फायली फिरतात आणि निवेदक म्हणतो 'आता स्वाक्षऱ्या होत आहेत'. तसं असेल तर सरळ 'स्वाक्षरी झालेल्या प्रतींचे आदानप्रदान' म्हणावं. सरकारी कार्यक्रमांतही बरेचदा असंच असतं.

टाचण
आदानप्रदान विचारांचं, संस्कृतीचं. फायलींची अदलाबदल होते. मराठीत साधा शब्द असताना सोवळ्यातला कशाला?

ध्वनिक्षेपक
अदलाबदल चुकून चपलांची होते. मंचावर 'आता फायलींची अदलाबदल होईल' म्हटलं तर सभागृह हसेल.

शारदा
ऑफिसला विचारलं. सह्या मंचावरच होणार आहेत आणि तपासणीचे पैसे कंपनी देणार आहे, दर नमुन्यामागे. 'दोन संस्थांमधील' हे ठीक आहे का? कंपनीला संस्था म्हणणं विचित्र वाटतं.

निवृत्त नाझर
कंपनीचं सोडा, तुमचीच बाजू आधी नीट करा. आपल्याकडे 'संस्था' म्हटलं की महाविद्यालय चालवणारी शिक्षण संस्था. नोंदणी तिची, ठराव तिचा. खाजगी महाविद्यालयाला बहुधा स्वतःचं कायदेशीर अस्तित्व नसतं, प्राचार्य संस्थेने दिलेल्या अधिकारात सही करतात. म्हणून करारात पक्ष म्हणून कुणाचं नाव आहे ते पहिलं वाचा आणि ओळख करून देताना तेच नाव, तसंच्या तसं घ्या. कागदावर शिक्षण संस्था आणि तुमच्या तोंडी नुसतं महाविद्यालय, असं झालं तर पहिल्या रांगेतले अध्यक्ष रुसतील. त्यांचं रुसणं रास्तही असेल.

ध्वनिक्षेपक
शिवाय 'प्राचार्यांच्या हस्ते' नको. हस्ते उद्घाटन होतं, सत्कार होतो. सही माणूस स्वतः करतो. 'महाविद्यालयाच्या वतीने प्राचार्य स्वाक्षरी करतील.' इथे वजन 'वतीने'ला आहे, सही कुणासाठी ते त्यातून कळतं.

शारदा
मसुदा केलाय, फाडा :

"आज आपण एका ऐतिहासिक भागीदारीचे साक्षीदार होत आहोत. ज्ञानाची गंगा दारोदारी पोहोचवणारे आपले महाविद्यालय आणि उद्योगविश्वातील अग्रगण्य कंपनी यांच्यातील हा करार विद्यार्थ्यांच्या उज्ज्वल भविष्याची नांदी ठरेल."

ध्वनिक्षेपक
यात कंपनी काय करते हेच नाही! मागच्या रांगेतल्या मुलाला कळायला हवं की आपल्याला काय मिळणार. पाहुण्यांची ओळख आधी, आपली नंतर, आणि दोन्ही साधारण सारख्याच लांबीच्या. आपल्या महाविद्यालयाचा इतिहास श्रोत्यांना पाठ असतो, तो दोन वाक्यांत संपवा. मी असं म्हणेन :

"ही कंपनी आपल्या तालुक्यातल्या बागायतदारांकडून बेदाणा घेते, निवडते, प्रतवारी करून बाजारात पाठवते. माल पाठवण्याआधी त्यातला ओलावा आणि औषधांचे अंश तपासावे लागतात. आपल्या रसायनशास्त्र विभागाकडे प्रयोगशाळा आहे आणि काम शिकायला उत्सुक मुलं आहेत. आजच्या करारानुसार कंपनी आपल्या विद्यार्थ्यांना सहा आठवडे प्रशिक्षण देईल आणि आपला विभाग ठरलेल्या शुल्कात कंपनीचे नमुने तपासेल."

औषधांचे अंश तपासायची यंत्रं तुमच्याकडे खरंच आहेत का ते विचारून घ्या. नसतील तर फक्त ओलावा म्हणा. कागदात नाही ते माईकवरून कबूल करू नये.

शारदा
नाहीत. ओलावा आणि आम्लता, एवढंच. आणि 'भागीदारी' ठेवू का? कंपनीच्या लोकांना तो शब्द फार आवडलाय.

निवृत्त नाझर
भागीदारी म्हणजे नफ्यातोट्यात वाटा. त्याचा १९३२चा स्वतंत्र कायदाच आहे. तुमच्या मसुद्यात शेवटी 'या करारामुळे उभय पक्ष एकमेकांचे भागीदार ठरणार नाहीत' अशा अर्थाचं वाक्य बहुतेक असेलच, शोधा. कलम भागीदार नाही म्हणतंय आणि कापडी फलक भागीदार म्हणतोय, असं होईल. 'सहकार्य' लिहा.

विदर्भवासी
इथे मी तुमच्याशी सहमत नाही. सणाच्या खर्चात भागीदारी असते, सुखदुःखात भागीदार असतात. सामान्य मराठीत शब्द व्यापक आहे, आणि फलकावरच्या शब्दाने कायदेशीर भागीदारी होत नाही, हे तुमच्याच मघाच्या न्यायाने.

निवृत्त नाझर
कायद्याने होत नाही, मान्य. पण उद्या कंपनीने कुणाचे पैसे थकवले तर तो माणूस फलकाचा फोटो घेऊन महाविद्यालयात येईल. दावा टिकणार नाही, हेलपाटे मात्र घडतील.

टाचण
'सहकार्य' वाचून लोकांना वाहतुकीचा फलक आठवतो : काम चालू, सहकार्य करा. 'सहयोग' बरा.

शारदा
ते वाक्य खरंच सापडलं, शेवटून दुसरं कलम. पत्रिकेला आता हे पाठवतेय : "शैक्षणिक सहकार्यासाठी सामंजस्य करार : स्वाक्षरी समारंभ." खाली दोन्ही पक्षांची नावं करारात आहेत तशी. हस्ताक्षर, हस्तांतरण आणि हस्ते, तिन्ही हात कापले. फलक मात्र कंपनीने परस्पर छापून आणलाय, त्यावर 'भागीदारी'च आहे, तो आता बदलत नाही.

ध्वनिक्षेपक
मग तुम्ही माईकवर तो शब्द घेऊ नका, म्हणजे झालं. आणि टेबलावर दोन जादा पेनं ठेवा, आधी कागदावर चालवून बघितलेली. सह्यांच्या पानांवर चिकटपट्ट्या लावून ठेवा, नाहीतर माणसं मंचावर पानं उलटत बसतात आणि तुम्हाला उगीच कविता म्हणावी लागते.

लिफ्ट बंद
आमची सही ऑक्टोबरच्या वीस तारखेची आहे. २०२४च.

निवृत्त नाझर
मग सेक्रेटरी बरोबर. किमान शुल्क पाचशेचंच लागलं असतं. कागद घेऊन मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात जा, कमी पडलेलं शुल्क आणि वर दंड किती ते तिथे ठरवून देतील.