पहिले क्लाइंबिंग शूज घ्यायचेत, घट्ट म्हणजे नक्की किती घट्ट? (मदत हवी आहे)

केतकी_पुणे:
नमस्कार मंडळी. पुण्यात आठवड्यातून दोनदा इनडोअर वॉलवर जाते. आजवर भाड्याच्या शूजवर भागवलं, आता स्वतःचे घ्यायचेत. जानेवारीत ग्रुपबरोबर बदामीला जायचं ठरतंय, त्यामुळे एकाच जोडीत दोन्ही जमलं तर बरं.

रोजच्या शूजचा नंबर युरोपियन ३९. पाऊल पुढे रुंद, टाच बारीक, आणि अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. वॉलवरची मुलं म्हणतात, पुढून खाली वाकलेले, टोकदार, वेल्क्रोवालेच घे. दुकानात ते ३७ मध्ये घालून पाहिले तर दुसऱ्या बोटाचा सांधा ठणकायला लागला. विक्रेता म्हणाला, "सैल होतील." शूज सिंथेटिक आहेत. खरंच सैल होतात का? दुसरा पर्याय सपाट तळव्याचा, लेसचा, थोडा कडक. तो घातला की आपण शाळेत निघालोय असं वाटतं.

रानवाटा:
बदामीला क्लाइंबिंग शूज कशाला? लेणी आणि किल्ला तर पायऱ्यांनीच होतात. अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज घ्या, स्वस्त आणि मस्त. मी सगळे किल्ले त्यावरच केलेत.

केतकी_पुणे:
दादा, लेणी बघायला नाही, तिथल्या वालुकाश्माच्या भिंतींवर बोल्ट मारलेले रूट आहेत ते चढायला चाललोय. :)

जुना_कातळ:
आमच्या वेळचा नियम सोपा होता. रोजच्यापेक्षा दोन नंबर लहान घ्यायचे, महिनाभर रडायचं, मग पायाला बसतात. माझे मिथॉस असेच बसले होते. पाय दुखत नसेल तर शूज मोठे आहेत असं समज.

दोरखंड:
काका, मिथॉसपुरतं तुमचं बरोबर आहे. ते बिनअस्तराच्या चामड्याचे, चांगलेच ताणतात. ज्या जागी रबर चढवलेलं असतं तिथे चामड्याला हलता येत नाही, म्हणून ताणतात तेही मुख्यतः रुंदीत. अस्तर असलेलं चामडं कमी ताणतं. सिंथेटिक तर जवळजवळ नाहीच, फक्त जरा मऊ पडतं. तेव्हा केतकी, दुकानात सांध्यावर टोचणारा सिंथेटिक बूट सहा महिन्यांनीही तिथेच टोचणार.

नंबर हा फक्त सुरुवातीचा अंदाज. प्रत्येक कंपनीचा ३८ वेगळा, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक पडतो. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. मोजे नकोत. बूट घातल्यावर सगळी बोटं पुढे टेकलेली, किंचित दुमडलेली हवीत. दाब सगळीकडून सारखा लागला तर ठीक. एकाच ठिकाणी टोचलं, मुंग्या आल्या, तर बूट काढून ठेव. मग पायरीच्या कडेवर फक्त अंगठ्याच्या बाजूने उभी राहा. पाऊल आतल्या आत फिरलं किंवा पुढचं रबर सुरकुतलं, तर आत मोकळी जागा आहे. दहा मिनिटं घालून दुकानातच फिर, सेल्समन कंटाळला तरी चालेल.

तुझ्या बाबतीत नंबरापेक्षा पुढचा आकार जास्त महत्त्वाचा. ते टोकदार शूज अंगठ्याकडे झुकलेले असतात, म्हणजे सगळा जोर अंगठ्यावर यावा म्हणून टोक आतल्या बाजूला काढलेलं असतं. अंगठा सर्वांत लांब असलेल्या पायाला ते सोसतं. तुझं दुसरं बोट लांब, त्याला तिथे जागाच नाही, म्हणून ते वर उचललं जातं आणि सांधा घासतो. टोक मध्याकडे असलेला, पुढे रुंद बूट शोध. नंबर वाढवून हे सुटत नाही. ३८ घेतलास तर बोटाला जागा होईल, पण आधीच बारीक असलेली टाच आणखी सैल पडेल.

निनाद_बी:
माझं वजन ८८ किलो. मऊ शूज घेतले आणि बारीक कडेवर पाय ठेवला की तळवा वाकून घसरतोच. कडक घेतल्यावर फरक पडला. माझं मत: पहिला बूट कडकच घ्यावा.

जुना_कातळ:
कडक बुटात खालचा दगड कळत नाही रे. पाय ठेवायला शिकायचं तर तळव्याला कळायला हवं.

दोरखंड:
दोघांचंही पटतं, यावर वाद घालण्यात आपण किती चहा संपवलेत काका! वजनाचा फरक पडतोच, हलक्या माणसाला इतका कडक बूट लागत नाही. पण नवख्याच्या बोटांत ताकद नसते, तेव्हा तळव्याचा थोडा आधार उपयोगी पडतो. हातात धरून पुढचा भाग वाकवून बघ. चपलेसारखा सहज दुमडला तर मऊ. जोर लावल्यावर थोडाच वाकला तर मध्यम, तुला साधारण तेवढा पुरे.

आता वॉल आणि बदामी. वॉलवर होल्ड मोठे, रंगीत, डोळ्यांसमोर असतात. रूट चार-पाच मिनिटांत संपतो, खाली उतरलीस की टाच बाहेर काढून बसतेस. ओव्हरहँगवर पायाने होल्ड ओढून घ्यायचा असतो, तिथे वाकलेल्या टोकाचा फायदा होतो. ती मुलं तेच चढत असतील, म्हणून त्यांना तो बूट आवडतो. बदामीत बऱ्याच भिंती उभ्या, आडव्या खाचांच्या आणि लहान कडांच्या आहेत. पुढची कड शोधत तू एकाच पायावर बराच वेळ उभी राहशील, त्यात ऊन लागलं की पाय फुगतो. वाकलेल्या बुटात तेव्हा बोटं बोलू लागतात. सपाट, मध्यम कडक बूट तिथे उपयोगी, आणि वॉलवरच्या सोप्या-मध्यम रूटवर काही अडत नाही. हंपीच्या ग्रॅनाइटच्या ढोबळ्या गोट्यांवर मात्र कडा नसल्या तर रबर पसरून चिकटवावं लागतं, तिथे थोडा मऊ बूट सरस.

शिवाय सुरुवातीला सगळेच पाय भिंतीला घासत वर नेतात. वॉलचा पृष्ठभाग सँडपेपरसारखा असतो, आणि महागड्या बुटाचं पातळ, मऊ रबर अंगठ्यापाशी आधी झिजतं. टोकाशी तळव्याचं रबर संपत आलं, बाजूची पट्टी दिसायला लागली की लगेच रबर बदलून घ्यायचं. पट्टीलाच भोक पडलं की दुरुस्ती वाढते.

मीरा_ठाणे:
सह्याद्रीतल्या लांब रूटसाठी याहूनही ऐसपैस घ्या. बसॉल्ट, गवत, सुटे दगड, दिवसभर पायात बूट. मी तर बिले करताना टाच काढून बसते. बदामीनंतर तेल-बैलाचा विचार असेल तर आत्ताच सांगा.

केतकी_पुणे:
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी परत गेले. टोकदार बूट बाद. लेसचा सपाट बूट ३८ मध्ये घातला. बोटं टेकतात, थोडी वाकतात, टोचत कुठेच नाही. दहा मिनिटांनी पाऊल गरम झालं, मुंग्या नाहीत. पायरीवर पाऊल फिरलं नाही. पण टाच! जोर दिला की आतून फुस्स करून हवा निघते. लेस कितीही ओढली तरी तसंच. ३७.५ मध्ये टाच बसते, पण दुसरं बोट परत टेकून दुखतं, मात्र आधीसारखं टोचत नाही.

दोरखंड:
टाचेचा पोकळपणा उभ्या भिंतीवर फारसा नडत नाही, टाच अडकवून चढायच्या जागी नडतो. तुझ्या रूटवर ते क्वचितच येईल. ३८ घे म्हणेन, पण लेसवाल्याच एखाद्या दुसऱ्या, बारीक टाचेच्या मॉडेलमध्ये पाय घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको.

जुना_कातळ:
मी ३७.५ म्हणतो. बिनअस्तराचं चामडं आहे का ते बघ, मग ठरव.

केतकी_पुणे:
आत कापडी अस्तर आहे, काका. शनिवारी दुसरं मॉडेल बघते. वॉलवरच्या कुणाकडे बारीक टाचेचा, पुढे रुंद असा बूट ३८ मध्ये असेल तर एकदा घालून बघायला द्याल का? पाय धुऊन येईन.