'अर्जंट' या शब्दात आता काय उरलंय?

खिडकीपाशी: आमच्या सपोर्टच्या रांगेत तक्रारींची ६२ तिकिटं उघडी आहेत, त्यातली ४७ P1, म्हणजे सगळ्यात वरच्या प्राधान्याची. P1 ला कुणी विचारेना म्हणून कुणीतरी वर P0 काढलं, तर तिथेही ९ जमली, आणि सब्जेक्टमध्ये 'खरंच अर्जंट' लिहिणारे वेगळेच. मला पातळ्यांना मराठी नावं द्यायचीत, म्हणजे निवडताना माणूस जरा तरी विचार करेल. तातडीचं, निकडीचं, गरजेचं, सवडीचं असं सुचतंय. पण तातडी आणि निकड यात नक्की फरक काय?

काना_मात्रा: आधी प्रायॉरिटीला प्राधान्य म्हणणं सोडा, अग्रक्रम म्हणा. त्यात 'क्रम' आहे. क्रम म्हटला की पहिला एकच असतो, ४७ जण पहिले आले असं आपण म्हणत नाही.

खिडकीपाशी: प्रश्न तो नव्हता, पण हे आवडलं.

डबलक्लिक: एवढा काथ्याकूट कशाला? बिघाड किती गंभीर ते बघायचं. सिस्टिम बंद म्हणजे P1, स्पेलिंग चुकलं म्हणजे P4. झालं.

रात्रपाळी: अर्धंच बरोबर आहे. मुख्य पानावर कंपनीचंच नाव चुकलं तर बिघाड किरकोळ, पण तो आजच लागतो. उलट वर्षातून एकदा चालणारा रिपोर्ट पूर्ण कोसळतो, बिघाड मोठा, पण पुढची वेळ आठ महिन्यांनी, मग आज कशाला? गांभीर्य वेगळं आणि तातडी वेगळी, दोन्ही बघून क्रम ठरतो.

आता तातडी आणि निकड. माझ्या कानाला निकड म्हणजे काहीतरी अडलेलं असणं आणि तातडी म्हणजे घड्याळ. पैशाची निकड महिनाभर असू शकते, पण तातडी महिनाभर टिकली तर ती तातडी नव्हतीच. तुमच्या ४७ मधली किती तिकिटं आठवडाभर कुणी उघडलीसुद्धा नाहीत ते मोजा. आणि P1 व P3 सुटायला साधारण सारखेच दिवस लागत असतील तर त्या लेबलाला काही अर्थ उरलेला नाही असं धरून चाला.

काना_मात्रा: एक गंमत, लष्करी संदेशांच्या पद्धतीत खालून वर रूटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश असा क्रम असतो. म्हणजे 'प्रायॉरिटी' तिथे खालून दुसरी!

डबलक्लिक: मग लोकांना P1 निवडूच देऊ नका ना.

रात्रपाळी: लोक खोटं बोलतात असं नाहीये. P2 टाकलं की ते कधीच हाताळलं जात नाही हे त्यांनी दोनदा अनुभवलेलं असतं, मग तिसऱ्यांदा P1 टाकणं हा शहाणपणाच. म्हणून आम्ही आधी खालून सुरुवात केली. आठवड्यातले दोन दिवस फक्त P2 साठी राखून ठेवले आणि प्रत्येक P3 वर तारीख टाकायला लागलो, भले ती पुढच्या महिन्याची असेना. मग फॉर्ममधून पातळीचा रकानाच काढला आणि दोन प्रश्न ठेवले, कुणाचं काय अडलंय आणि कधीपर्यंत नाही झालं तर काय होईल. पातळी त्या दिवशी ज्याची पाळी असेल तो लावतो. आणि P1 चा अर्थ एकच, कुणीतरी हातातलं काम आत्ता टाकायचं. कुठलं काम टाकायचं ते सांगता येत नसेल तर ते P1 नाही.

उशिराचा_डबा: आमच्याकडे उलटं झालं. P1 ला चार तासांची वेळ करारात होती, ती चुकायला आली की सपोर्टवालेच गुपचूप तिकीट P2 करायचे. कागदावर सगळं हिरवंगार.

रात्रपाळी: हो, तो धोका आहेच. पातळी बदलली तर कारण लिहिणं सक्तीचं करा आणि ते तक्रार करणाऱ्याला दिसू द्या. पूर्ण थांबत नाही, पण कमी होतं.

खिडकीपाशी: काल बसून ६२ च्या ६२ चाळली. १८ तर आधीच सुटलेली किंवा दुहेरी निघाली. उरलेल्यांत P1 फक्त ३, P2 १४, P3 २७. P0 पुसून टाकलं. एका P0 मध्ये होतं 'पावतीवरचा लोगो डावीकडे सरकलाय', कारण तो साहेबांना दिसला होता. आणि तळाला एक P3, 'वेळ मिळाल्यास बघावे, काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात आहेत'. बिचाऱ्याने नम्रपणे लिहिलं म्हणून सहा दिवस पडून होतं! तेच आता पहिलं P1.

एकच अडकलंय. मोठ्या क्लायंटचं छोटं काम आणि छोट्या क्लायंटचं बंद पडलेलं काम, यात वर कोण?

डबलक्लिक: मोठा क्लायंट, उगाच नाटक नको.

रात्रपाळी: मी बंद पडलेलं घेतो. पण ते ठरवणं तुमच्या साहेबांचं काम, आणि ते त्यांनी लेखी द्यावं.

काना_मात्रा: नावांचं राहिलं की. 'सवडीचं' नको, ते ऐकलं की 'कधीच नाही' असंच वाटतं.

उशिराचा_डबा: 'यथावकाश' करा मग.

काना_मात्रा: ते तर त्याहून वाईट!