मदत हवी आहे: पोस्टडॉकच्या रिसर्च स्टेटमेंटचे परीक्षण (दृष्टी, आजवरचे काम, व्यवहार्यता)

मृण्मयी_औंध

पोस्टडॉकच्या अर्जासाठी लिहिलेले तीन पानी रिसर्च स्टेटमेंट मला येत्या सोमवारी पाठवायचे आहे आणि त्यावर दोन परस्परविरोधी अभिप्राय मिळाले आहेत. माझ्या गाईडचे म्हणणे असे की त्यात दृष्टी दिसत नाही, नुसती कामांची यादी आहे. आमच्याच गटातील एका सीनियरच्या मते आवाका इतका मोठा आहे की छाननी करणारे त्यावर विश्वास ठेवणार नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच मजकुराबद्दल एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? जाहिरातीत दृष्टी, आजवरचे काम आणि व्यवहार्यता हे तीन निकष दिले आहेत. त्यांपैकी कशाला किती जागा द्यावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. सर्वसाधारण सल्ले कृपया नकोत, ते पुष्कळ वाचून झाले आहेत.

अनंत_कोथरूड

आपला विषय कोणता, पद एखाद्या प्राध्यापकाच्या मंजूर प्रकल्पावरचे आहे की स्वतंत्र फेलोशिप आहे आणि मुदत किती वर्षांची आहे, यांतले काहीही आपण लिहिलेले नाही. प्रकल्पावरचे पद असेल तर दृष्टी त्या प्राध्यापकाची असते आणि आपण त्यात कुठे बसता एवढेच पाहिले जाते. स्वतंत्र फेलोशिप असेल तर सगळा हिशेबच बदलतो. हे कळल्याशिवाय जागेचे प्रमाण कोणी सांगत असेल तर ते अंदाजपंचे समजावे.

रसायनवाला

मी जर्मनीत दोन पोस्टडॉक केले आहेत, म्हणून अधिकाराने सांगतो. स्टेटमेंट कोणी बारकाईने वाचत नाही. पहिल्या पानावर पेपरांची यादी, त्यापुढे नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर आणि शेवटी प्राध्यापकांची शिफारस, एवढ्यावर निवड होते. माझी मुलाखत वीस मिनिटांत आटोपली होती आणि तीत भविष्यातल्या योजनेबद्दल एकही प्रश्न आला नव्हता.

सुलभा_सिंहगडरोड

माझ्या मुलीने गेल्या वर्षी एमएससाठी असेच निवेदन लिहिले होते. तिच्या समुपदेशकाने सुरुवात लहानपणी विषयाची गोडी कशी लागली तिथून करायला सांगितली होती आणि तिला प्रवेश मिळाला. हवे असल्यास नमुना पाठवते.

मृण्मयी_औंध

सुलभाताई, धन्यवाद, पण हे प्रवेशाचे निवेदन नाही, पीएचडीनंतरच्या पदाचे आहे.

अनंतसर, विषय रेडिओ खगोलशास्त्र. पद युरोपातील एका संस्थेची तीन वर्षांची स्वतंत्र फेलोशिप आहे. स्टेटमेंट इंग्रजीत आहे, त्याचे सार असे: मध्यवर्ती कृष्णविवरातून निघणारे झोत बंद पडलेल्या, म्हणजे विझत चाललेल्या रेडिओ दीर्घिकांचा अभ्यास करून रेडिओ दीर्घिकांचे जीवनचक्र समजून घ्यायचे. त्यासाठी जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या १५० मेगाहर्ट्झच्या टीजीएसएस सर्वेक्षणातून ज्यांचा वर्णपट अतितीव्र उताराचा आहे, म्हणजे वारंवारता वाढेल तशी ज्यांची तीव्रता झपाट्याने घटते, असे ६० स्रोत निवडले आहेत. प्रत्येकाचे जीएमआरटीच्या बँड ४ आणि बँड ५ या त्याहून वरच्या वारंवारतेच्या पट्ट्यांमध्ये निरीक्षण करून विझण्याचे वय काढायचे. दुसरे उद्दिष्ट त्यांच्या चुंबकीय क्षेत्राचे बँड ५ मधील ध्रुवीकरणावरून मापन, आणि तिसरे सैद्धांतिक प्रारूप. पेपर एकूण सहा, त्यांपैकी दोनांत मी प्रथम लेखक आहे.

लघुलहरी

मी अशा छाननी समित्यांवर काही काळ काम केले आहे आणि विषयही जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपले गाईड आणि सीनियर दोघेही बरोबर आहेत, कारण ते एकाच दोषाकडे दोन बाजूंनी बोट दाखवत आहेत. ‘जीवनचक्र समजून घेणे’ हा प्रश्न नाही, क्षेत्राचे नाव आहे. प्रश्न नेमका नसल्यामुळे किती स्रोत पुरेसे होतील हे ठरवायला आधार उरला नाही आणि म्हणून ६० हा आकडा आला.

आपल्या विषयात नेमका प्रश्न समोरच आहे. झोत बंद पडलेल्या दीर्घिका अपेक्षेपेक्षा कमी सापडतात; कमी वारंवारतेच्या सर्वेक्षणांतून काढलेल्या नमुन्यांत त्यांचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी निघते. हे का, याची दोन उत्तरे संभवतात. एक, झोत थांबल्यावर उरलेले ढग प्रसरण पावून झपाट्याने मंदावतात. दुसरे, झोत पुन्हा लवकर सुरू होतात आणि त्यामुळे विझलेली अवस्थाच अल्पकाळ टिकते. स्टेटमेंटच्या पहिल्या परिच्छेदात या दोन शक्यता मांडून कोणते मापन त्यांच्यात निवाडा करील हे सांगितले, की दृष्टी दिसू लागते. तिला वेगळी जागा द्यावी लागत नाही.

मात्र इथेच आपली निवड आड येते, आणि माझ्या मते ही आकड्यापेक्षा गंभीर गोष्ट आहे. आपण फक्त अतितीव्र उताराचे स्रोत घेतले आहेत. ढग जर प्रसरणाने मंदावत असतील तर त्यांतले पुष्कळसे वर्णपट तीव्र होण्याआधीच दिसेनासे होतील आणि जे नुकतेच विझले असतील त्यांचा उतार सामान्यच असेल. आपली चाळणी नेमके तेच स्रोत बाहेर टाकते. उत्तर ठरवणारा पुरावा निवडीतच गळून गेला, तर ६० काय आणि ६०० काय, प्रश्न सुटणार नाही. विषय जाणणारा परीक्षक हे पहिल्या वाचनात पकडील. त्याऐवजी युरोपातील लोफार दुर्बिणीच्या १४४ मेगाहर्ट्झच्या लॉट्स सर्वेक्षणातून निवड आकारावरून करावी: पसरलेले ढग आहेत, पण तेजस्वी टोके आणि झोत नाहीत. मध्यबिंदू खरोखर विझला आहे का, हे अमेरिकेतील व्हीएलए दुर्बिणीच्या ३ गिगाहर्ट्झच्या सार्वजनिक सर्वेक्षणात बरेचसे तपासता येते. त्यासाठी दुर्बिणीचा एक तासही मागावा लागत नाही.

आता व्यवहार्यता. आपल्या योजनेतील एका स्रोतासाठी एका बँडमध्ये कॅलिब्रेशनसह तीन तास धरले, तर ६० स्रोत आणि दोन बँड मिळून ३६० तास होतात. जीएमआरटीचा वेळ वर्षातून दोनदा, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा सत्रांसाठी वाटला जातो आणि मागणी उपलब्ध वेळेपेक्षा नेहमीच जास्त असते. नेहमीच्या प्रस्तावाला काही दहा तास मिळाले तरी ते चांगले मानतात. ३६० तासांवर तीन वर्षांची फेलोशिप उभी करणे म्हणजे न मिळालेल्या कर्जावर घर बांधायला काढणे.

बँड ५ चा हिशेबही करून पाहावा. एखाद्या स्रोताची १५० मेगाहर्ट्झला एकूण तीव्रता १०० मिलिजान्स्की आणि उतार १.५ असेल, तर ६५० मेगाहर्ट्झला साधारण ११ आणि १२६० ला जेमतेम ४ मिलिजान्स्की उरते. तीही एका बिंदूत नसते, दोन कलामिनिटांच्या फिकट ढगात पसरलेली असते. पूर्ण विभेदनक्षमतेने प्रतिमा काढली तर ती शेकडो बीममध्ये, म्हणजे दुर्बिणीला वेगळे दिसणाऱ्या लहानात लहान ठिपक्यांमध्ये, वाटली जाते आणि दर बीमला आलेला अंश नॉइजखाली जातो. प्रतिमा मऊ केली तर दूरच्या अँटेना बाजूला पडतात आणि नॉइज वाढतो. शिवाय खऱ्या विझलेल्या स्रोताचा वर्णपट वरच्या वारंवारतेला आणखी खाली वाकतो, म्हणजे ते ४ सुद्धा आशावादीच. ध्रुवीकृत भाग याहूनही कितीतरी कमी असतो. म्हणून दुसरे उद्दिष्ट या स्रोतांवर या बँडमध्ये जमण्यासारखे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रसायनवाला

एवढे गणित तीन पानांत कोण घालणार? आणि कमी मागितले तर महत्त्वाकांक्षा कमी दिसते. माझ्या मते ६० राहू द्यावेत. स्वतंत्र फेलोशिपमध्ये समितीला धाडस आवडते.

लघुलहरी

गणित स्टेटमेंटमध्ये घालायचे नाही, त्याचा निष्कर्ष एका वाक्यात घालायचा. ‘बारा स्रोत, बँड ४, प्रत्येकी चार तास, एकूण ४८ तास, कमी वारंवारतेची प्रतिमा लॉट्समधून उपलब्ध’, इतके पुरे. त्यापुढचे वाक्य अधिक महत्त्वाचे आहे: वेळ मिळाला नाही तर काय? जीएमआरटीचा जुना डेटा ठरावीक मुदतीनंतर आर्काइव्हमध्ये सर्वांना खुला होतो. निवडलेल्यांपैकी किती स्रोत तिथे आधीच आहेत हे आजच शोधून तो आकडा द्यावा. धाडसाबद्दल आपले म्हणणे अर्धे मान्य आहे, पण धाडस प्रश्नात असावे, तासांच्या मागणीत असून उपयोग नाही.

अनंत_कोथरूड

आजवरच्या कामाबद्दल कोणी बोलले नाही. इम्पॅक्ट फॅक्टर लिहिणे अनेक ठिकाणी आता उलट अंगावर येते, तेव्हा तो सल्ला घेऊ नये. सहा पेपर आहेत हे परीक्षकाला सीव्हीत दिसतेच. सहलेखक असलेल्या चार पेपरांत आपण नेमके काय केले, हे मात्र सीव्हीत दिसत नाही. मृण्मयी, बँड ४ चा डेटा आपण स्वतः कच्च्या स्वरूपापासून प्रतिमेपर्यंत नेला आहे का? ध्रुवीकरणाचे कॅलिब्रेशन केले आहे का?

मृण्मयी_औंध

बँड ३ आणि बँड ४ चा डेटा थिसिससाठी मीच हाताळला आहे, त्यातील दिशेनुसार बदलणाऱ्या त्रुटींच्या दुरुस्तीसह. चार सहलेखनांपैकी दोनांत जीएमआरटीच्या सर्व प्रतिमा माझ्या आहेत, उरलेल्या दोनांत नुसती चर्चा. ध्रुवीकरण केलेले नाही, ते तिथे जाऊन शिकायचे असे मनात होते.

अनंत_कोथरूड

मग आजवरच्या कामाचा परिच्छेद वेगळा लिहूच नका. ‘बँड ४ च्या प्रतिमा काढीन’ असे जिथे म्हटले आहे तिथेच ‘अशा प्रतिमा मी या दोन पेपरांत काढल्या आहेत’ हे लिहा. चर्चेपुरत्या दोन पेपरांचा उल्लेख स्टेटमेंटमध्ये नको, ते सीव्हीत राहतील. ध्रुवीकरण मात्र मी पूर्ण काढणार नाही. फेलोशिप म्हणजे नवीन काही शिकण्याचीही संधी असते. यजमान संस्थेत ते काम करणारा माणूस असेल तर तसे लिहून ते तिसऱ्या वर्षात, एकदोन तेजस्वी स्रोतांपुरते ठेवता येईल.

लघुलहरी

इथे माझे मत वेगळे आहे. न जमण्यासारखे एक उद्दिष्ट बाकीच्या दोनांवरचा विश्वासही कमी करते. एकदोन स्रोतांपुरते ठेवायचे असेल तर ते विझलेले नसून झोत पुन्हा सुरू झालेले असावेत, कारण त्यांचे नवे भाग पुरेसे तेजस्वी असतात. पण मग ते मूळ प्रश्नाला कसे जोडले आहे, हे सांगावे लागेल.

मृण्मयी_औंध

पुन्हा सुरू झालेले स्रोत दुसऱ्या शक्यतेशी थेट जोडले जातात, त्यामुळे ते कदाचित शक्य होईल. आज रात्री लॉट्समधून आकारानुसार यादी काढून आर्काइव्हशी पडताळते. एक शंका राहते: निवड आकारावरून केली तर लहान स्रोत आपोआप वगळले जातील. ही नवी चाळणी झाली, तिचे काय?

लघुलहरी

शंका रास्त आहे आणि तिचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. निवडीची आकाराची मर्यादा स्पष्ट लिहावी, आणि तुलनेसाठी त्याच मर्यादेत बसणाऱ्या चालू रेडिओ दीर्घिकांचा नमुना घ्यावा, म्हणजे दोन्ही बाजूंना तीच चाळणी लागेल. तो नमुना कॅटलॉगमधूनच येतो, त्यासाठी वेगळे निरीक्षण लागत नाही. लहान वयात विझणाऱ्या दीर्घिकांबद्दल मात्र या योजनेतून काही सांगता येणार नाही.

रसायनवाला

बारा फारच कमी वाटतात. निदान वीस तरी करा.

लघुलहरी

वीस म्हणजे ८० तास, म्हणजे बहुधा दोन सत्रे. ऑक्टोबरमध्ये रुजू झाल्यास पहिला प्रस्ताव जानेवारीत जाईल, पहिले निरीक्षण एप्रिलनंतर होईल आणि दुसरे सत्र धरून सगळा डेटा दीड वर्षाने हातात येईल. तीन वर्षांत ते बसते, पण आर्काइव्हमध्ये सहासात स्रोत आधीच सापडले तरच वीस म्हणावे. यादी निघाली की आकडा इथे कळवा.