मदत हवी आहे: बंद पडलेला फीडर फंड की महागडा ईटीएफ?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, राजारामपुरीत राहतो. मुलीला आठ-नऊ वर्षांनी शिकायला अमेरिकेला पाठवायचं मनात आहे. फी डॉलरमध्येच भरायची, म्हणून थोडी बचत अमेरिकन शेअर्समध्ये असावी असं वाटतं.

एका अमेरिकन निर्देशांकाच्या फीडर फंडात, म्हणजे आपले पैसे परदेशी फंडात गुंतवणाऱ्या इथल्या म्युच्युअल फंडात, एसआयपी चालू होती. आता फंड हाऊसने नवीन पैसे घेणं थांबवलंय. सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात 7 अब्ज डॉलरचीच मर्यादा आहे. 2022 च्या सुरुवातीला ती भरत आली, तेव्हापासून असे फंड कधी उघडतात, कधी बंद होतात.

ओळखीचे एकजण म्हणाले, त्याच निर्देशांकाचा ईटीएफ बाजारातून घे. पण पाहिलं तर iNAV, म्हणजे एका युनिटमागच्या शेअर्सची त्या क्षणाची अंदाजे किंमत, 200 रुपये आणि बाजारातला भाव 224! म्हणजे 12 टक्के जास्त. मर्यादेमुळे नवीन युनिट तयार होत नाहीत, मागणी मात्र वाढतेय. उद्या मर्यादा वाढली आणि भाव iNAV वर आला, तर निर्देशांक जागचा न हलताही 224 चे 200 होतील. ही भीती मला खरी वाटते.

फीडरमध्ये खर्च दुहेरी, इथला आणि मूळ परदेशी फंडाचाही. पण निदान व्यवहार एनएव्हीला होतो.

तुमच्यापैकी कुणी किती टक्क्यांपर्यंत प्रीमियम देऊन ईटीएफ घेतलाय? की फीडर उघडेपर्यंत पैसे लिक्विड फंडात ठेवावेत? आणि मूळ फंडाचा खर्च नेमका कुठल्या कागदात बघायचा?