मदत हवी आहे: सोन्याचे गूगल शोध वाढले की विकायचं, हा नियम चालतो का?

तोळामासा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. २०१९ पासून दरमहा थोडे थोडे गोल्ड ईटीएफ घेत आलोय. आता विक्रीसाठी एक नियम बसवायचा आहे. गूगल ट्रेंड्सवर `gold price` चा आकडा ८० च्या वर गेला की लोक सोन्यावर तुटून पडलेत असं समजायचं आणि एक चतुर्थांश विकायचं. शोध थंडावले की परत घ्यायचं.

तीन काळ तपासले. सप्टेंबर २०११ मध्ये भाव औंसाला १,९२० डॉलरपर्यंत गेला तेव्हा शोधही शिगेला होते, पुढे डिसेंबर २०१५ पर्यंत भाव १,०५० च्या आसपास आला. ऑगस्ट २०२० मध्ये २,०७० च्या आसपास शिखर, मार्च २०२१ मध्ये १,६८०. आणि २० ऑक्टोबर २०२५ ला ४,३८० चं शिखर, दुसऱ्याच दिवशी पाच टक्क्यांहून मोठी पडझड. प्रत्येक काळाचा साप्ताहिक तक्ता वेगळा उतरवला आणि ८० ओलांडलं त्या आठवड्यातल्या वरच्या भावाला विकलं असं धरलं. तिन्ही वेळा नियम लागू पडला. पण डिसेंबरअखेर भाव ४,५०० च्या वर गेला, मग ऑक्टोबरची विक्री अंगाशीच आली असती. हा अपवाद समजू की नियमच कच्चा आहे?

दक्षिणायन
मी सिडनीत असते. ऑक्टोबरमध्ये मार्टिन प्लेसला सोन्याच्या दुकानाबाहेर फुटपाथभर रांग होती, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत रोज दिसायची. डबे खात उभे असलेले लोक, कॉलेजची मुलं, आजी-आजोबा. इथले लोक एरवी सोनं असं घेत नाहीत. मला तर ती रांग ट्रेंड्सपेक्षा बोलकी वाटली. पुढच्याच आठवड्यात भाव पडला.

मालतीताई
माझ्या मुलीचं लग्न वैशाखात आहे. गंठण आणि पाटल्या करायच्या आहेत. म्हणजे आता थांबावं का? शोध कमी झाले की घ्यावं?

सातपुडा
तोळामासा, एक गोष्ट सुटली. २०१६ ला जिओ आल्यावर खेड्यापाड्यात इंटरनेट पोचलं. शोध वाढणारच. २०११ आणि २०२५ चे आकडे एका मापाने मोजता येत नाहीत.

भावफलक
सातपुडा, निष्कर्ष बरोबर, कारण वेगळं. ट्रेंड्स शोधांची संख्या दाखवत नाही, एकूण शोधांत या शब्दाचा वाटा दाखवतं. माणसं वाढली म्हणून रेषा आपोआप चढत नाही. बदललं ते कोण शोधतंय हे. २०११ मध्ये बहुतेक शहरी लोक शोधायचे. आता गहाण ठेवणारा, जुना हार मोडून नवा करणारा, सगळेच आजचा भाव बघतात. शोधणारा घेणाराच असेल असं नाही, विकणाराही असतो.

तोळामासा, आता तुमची चाचणी. ट्रेंड्समध्ये तुम्ही निवडलेल्या काळातल्या सर्वांत मोठ्या आठवड्याला १०० मिळतात, बाकीचे त्याच्या प्रमाणात. तुम्ही भावाचं शिखर आधी बघितलं आणि त्याभोवती तुकडा कापला. प्रत्येक तुकड्यात कुठल्या तरी आठवड्याला १०० मिळणारच होते. ऑगस्ट २०२० मध्ये बसलेल्या माणसाला हा आठवडा १०० ठरेल की पुढचा त्याहून मोठा येईल हे कळायला मार्ग नव्हता.

दुसरं, आठवडा रविवार ते शनिवार मोजला जातो. १९ ते २५ ऑक्टोबरचा पूर्ण आकडा २५ नंतर मिळतो. पडझड २१ लाच झाली. त्या आठवड्यातल्या वरच्या भावाला विकलं असं धरणं म्हणजे अजून न आलेला आकडा वापरणं. पुढच्या सोमवारच्या भावाने विक्री धरून बघा. २८ तारखेला भाव ३,९०० च्या खालीही जाऊन आला होता, म्हणजे जवळपास तळाला विकलं असतं.

तोळामासा
ही गोष्ट लक्षात आली नव्हती. मग प्रामाणिक मोजमाप कसं करायचं?

भावफलक
दर सोमवारी मागच्या पाच वर्षांचा तक्ता उतरवून त्या तारखेने जपून ठेवा. ट्रेंड्स नमुन्यावर चालतं, त्यामुळे काही दिवसांनी तोच आठवडा किंचित वेगळा आकडा देतो, म्हणून दोन-तीनदा उतरवून सरासरी घ्या. मग चालू आठवड्याची तुलना फक्त त्याच्या आधीच्या ५२ आठवड्यांच्या मध्यकाशी करा, तीही त्याच तक्त्यात. तिप्पट झाला की खूण धरा, असं काही. तिप्पट हा आकडा पवित्र नाही, पण आधी ठरवा आणि मग बदलू नका.

भारतापुरतं बघत असाल तर धनत्रयोदशी वेगळी काढा. २०२३ ला ती १० नोव्हेंबरला होती, २०२४ ला २९ ऑक्टोबरला, २०२५ ला १८ ऑक्टोबरला. २०२५ च्या ऑक्टोबरची २०२३ च्या ऑक्टोबरशी तुलना केली तर सण सरकल्यामुळेच २०२५ फुगलेलं दिसेल. तिथीला तिथी लावा. २०२५ ला शिखर सणाच्या दोनच दिवसांनी आलं, त्यामुळे हव्यास किती आणि मुहूर्त किती हे सोडवणं अवघड आहे. म्हणून दक्षिणायन यांची रांग मला मोलाची वाटते. सिडनीत तो मुहूर्ताचा भाग फार थोडा.

सातपुडा
पण गर्दी दिसली की उलटं जायचं, हे तत्त्व तर खरं ना?

भावफलक
गर्दी भाव चढताना झाली की पडताना, हे आधी बघायचं. १२ आणि १५ एप्रिल २०१३ ला भाव कोसळला आणि चीनमधल्या बायकांपासून आपल्या झवेरी बाजारापर्यंत सगळीकडे दुकानं भरली. जूनअखेर भाव १,२०० च्या आसपास, म्हणजे गर्दी तेव्हा चुकली. २३ जुलै २०२४ ला सरकारने सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं. भाव चटकन उतरला, पेढ्या भरल्या, शोधही चढले असणार. वर्षभरात इथला भाव तोळ्याला लाखाच्या घरात. त्या वेळी गर्दी बरोबर होती. ट्रेंड्सला हे दोन प्रसंग वेगळे ओळखता येत नाहीत. रेषेशेजारी मागच्या तीन महिन्यांचा भाव ठेवल्याशिवाय ती वाचू नका.

चढत्या भावातली गर्दी मला थोडी उपयोगी वाटते, पण ती सांगते इतकंच की भाव दमलाय. किती काळ दमेल ते सांगत नाही. २०११ नंतर चार वर्षं. २०२० नंतर दीडेक वर्ष. एप्रिल २०२५ मध्ये ३,५०० ला पोचल्यावर चारेक महिने आडवा. ऑक्टोबरनंतर काही आठवडेच. चार प्रसंगांवर नियम उभा राहत नाही. शिवाय २०२२, २०२३, २०२४ या तिन्ही वर्षांत मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. त्यांच्या खरेदीची खूण शोधांत उमटत नाही. मोठा घेणारा तो असेल तर किरकोळ गर्दी गेल्यावरही भाव खाली राहत नाही.

मालतीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तारीख ठरलेली आहे, त्यामुळे शोधांची रेषा तुम्हाला कामाची नाही. एकदम न घेता आतापासून वैशाखापर्यंत दोन-तीन हप्त्यांत वळी घेऊन ठेवा, घडणावळ सोनाराशी आधीच ठरवा.

मालतीताई
बरं. वळी घेऊन नंतर दागिने केले तर जीएसटी दोनदा पडतो का?

तोळामासा
भावफलक, तुमच्या पद्धतीने आजपासून तक्ता साठवायला लागतो. विक्रीवर दीर्घ मुदतीचा साडेबारा टक्के कर आहेच, म्हणजे भाव थोडासा उतरून परत चढला तर विकून काहीच हाती लागत नाही. म्हणून एक चतुर्थांश विकण्याऐवजी खूण आली की फक्त नवे हप्ते थांबवायचे, असं मनात आहे.

दक्षिणायन
पण मग हप्ते परत कधी सुरू करायचे? एप्रिलमध्ये थांबला असतास तर सप्टेंबरमध्ये कुठल्या खुणेवर परत आला असतास?

भावफलक
हाच प्रश्न मला अजून सुटलेला नाही. शोध थंडावणं ही खूण फार उशिरा येते. भाव आडवा असतानाही लोक कंटाळून शोधणं सोडतात, आणि तो परत चढायला लागला की रेषा त्याच्या मागून चढते. कुणी परतीचा नियम पडताळला असेल तर इथे लिहा.